अटी बदलल्याची सूचना आणि नकाराचा रकाना

जानेवारी २०२१ च्या दुसऱ्या आठवड्यात, देवगड परिसरात कलमांना मोहोर धरू लागला असताना, काही आंबा बागायतदारांसाठी मी एका पानाचा मराठी सारांश तयार केला होता. आदल्या वर्षीच्या टाळेबंदीत बाजार समितीचा रस्ता अडल्यामुळे यांतील बहुतेकांनी मुंबई-पुण्याच्या सोसायट्यांकडून थेट व्हॉट्सॲपवर मागणी घेऊन पेट्या पोहोचवल्या होत्या, आणि नव्या हंगामाचा सारा हिशेबही त्याच गटांवर उभा होता. अशा वेळी प्रत्येकाच्या फोनवर व्हॉट्सॲपच्या अटी आणि गोपनीयता धोरण बदलल्याची सूचना झळकली. सारांशात मी तीन रकाने आखले: काय बदलले, काय स्वीकारावेच लागेल आणि कशाला नकार देता येईल. पुढे कळले की पहिला रकाना मी चुकीचा भरला होता, दुसऱ्यातील मजकूर सहा महिन्यांत निरर्थक ठरला आणि तिसरा मी रिकामा सोडला होता, तोही चुकीच्या कारणाने. असे का झाले हे समजण्यासाठी पाच वर्षे मागे जावे लागते.

मूळ सूचना अगदी आखूड होती. तीत तीन मुद्दे होते: सेवा कशी चालते व माहितीवर प्रक्रिया कशी होते याचा अधिक तपशील, व्यावसायिक आस्थापनांना आपले संवाद साठवण्यासाठी फेसबुकची यंत्रणा वापरण्याची मुभा, आणि फेसबुकच्या इतर उत्पादनांशी जोडणी. त्याखाली ८ फेब्रुवारी २०२१ ही तारीख होती आणि त्यानंतर सेवा वापरायची असेल तर अटी स्वीकाराव्या लागतील असे म्हटले होते. स्वीकारायचे नसल्यास खाते बंद करण्याची माहिती कोठे मिळेल तेही सांगितले होते. बटणे दोनच होती, AGREE आणि NOT NOW. यांपैकी दुसऱ्याला अनेकांनी नकार समजले, परंतु तो नकार नव्हता, ती केवळ मुदत होती. सूचनेचा सारांश करणाऱ्याने प्रथम पाहायची गोष्ट हीच असते की पडद्यावर दिसणारे बटण निर्णय पुढे ढकलते की निर्णय नोंदवते.

पहिल्या रकान्यात मी लिहिले होते, ‘आपली माहिती आता फेसबुकला दिली जाणार.’ त्या दिवसांत सगळीकडे हेच बोलले जात होते, आणि ते चुकीचे होते. फेसबुकने २०१४ मध्ये व्हॉट्सॲप विकत घेतले आणि २५ ऑगस्ट २०१६ रोजी जाहीर झालेल्या अटींपासूनच फोन क्रमांकासह खात्याची माहिती फेसबुककडे जाण्याची तरतूद झाली होती. म्हणजे २०२१ ची सूचना जो बदल सांगते असे आपल्याला वाटले, तो जुनाच होता. फक्त या वेळी लोकांनी तो वाचला.

२०१६ च्या त्या बदलात मात्र एक चौकट होती. AGREE दाबण्यापूर्वी संपूर्ण मजकूर उघडला तर तळाशी आधीच खूण केलेली एक ओळ दिसे, आणि ती खूण काढून टाकली की फेसबुकवरील जाहिराती व तेथील अनुभव सुधारण्यासाठी आपली माहिती वापरली जाण्यास नकार नोंदवता येई. ज्यांनी घाईत होकार दिला, त्यांना खात्याच्या मांडणीत Share my account info या पर्यायातून आणखी ३० दिवस तो निर्णय फिरवता येत होता. हा नकारही अर्धाच होता, कारण सुरक्षा, यंत्रणा आणि नको असलेल्या संदेशांचा बंदोबस्त अशा कामांसाठी माहिती जाणे त्याने थांबत नव्हते. शिवाय पर्याय केवळ तेव्हाच्या जुन्या वापरकर्त्यांना होता. जिओची सेवा सुरू झाली ५ सप्टेंबर २०१६ रोजी, आणि आपल्याकडे वाडीवाडीत स्मार्टफोन पोहोचले ते बहुतांशी त्यानंतर. त्यामुळे ज्या बागायतदारांसाठी मी सारांश करीत होतो, त्यांच्यापैकी अनेकांच्या वाट्याला ती चौकट कधी आलीच नव्हती.

या बदलाविरुद्ध दिल्ली उच्च न्यायालयात दाद मागितली गेली. २३ सप्टेंबर २०१६ च्या निकालात न्यायालयाने अटी रद्द केल्या नाहीत, पण २५ सप्टेंबरपर्यंतची माहिती फेसबुकला देऊ नये आणि त्या तारखेपूर्वी खाते काढून टाकणाऱ्यांची माहिती पुसावी, असे बजावले. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. खासगीपणा हा मूलभूत अधिकार आहे, असा पुट्टस्वामी खटल्यातील निकाल २४ ऑगस्ट २०१७ रोजी लागला, तेव्हा हा वाद प्रलंबितच होता.

मग २०२१ मध्ये खरोखर बदलले काय? हे सूचनेवरून कळत नाही, कारण सूचना लिहिणारा जुने आणि नवे एकाच ओळीत मांडतो. जुन्या धोरणाची प्रत नव्याशेजारी ठेवून ओळीमागून ओळ ताडून पाहावी लागते, आणि वाढलेल्या ओळींपेक्षा गळलेल्या ओळींकडे अधिक लक्ष द्यावे लागते. तसे पाहिल्यावर एक गळलेले वाक्य सापडले: जुन्या वापरकर्त्याला फेसबुकवरील जाहिराती व अनुभवासाठी आपली माहिती न देण्याचा पर्याय आहे, हे सांगणारे. ज्यांनी २०१६ मध्ये नकार नोंदवला होता त्यांचा नकार पाळला जाईल असे कंपनीने स्पष्ट केले, परंतु धोरणाच्या मजकुरातून तो पर्याय निघून गेला होता. भर पडली होती ती मोठ्या आस्थापनांशी होणाऱ्या संवादाच्या बाबतीत, की अशा आस्थापनेने फेसबुकची साठवण सेवा घेतली असेल तर तिच्याशी झालेले बोलणे तेथे साठू शकते. घरच्या आणि मित्रांच्या संदेशांचे टोकापासून टोकापर्यंतचे कूटबंधन, म्हणजे पाठवणारा व घेणारा यांखेरीज कोणाला ते वाचता न येण्याची सोय, पूर्वीप्रमाणेच राहिले. फोनमधल्या साध्या व्यावसायिक ॲपवर पेट्यांची मागणी घेणाऱ्या बागायतदाराला ती साठवण सेवा लागू नव्हती. तोच बागायतदार एखाद्या मोठ्या कंपनीला संदेश पाठवी, तेव्हा मात्र ती लागू होण्याची शक्यता होती. एकच माणूस एका संवादात विक्रेता आणि दुसऱ्यात ग्राहक असतो, हे मी पहिल्या वेळी लक्षातच घेतले नव्हते.

दुसऱ्या रकान्याची कथा तारखांची आहे. १५ जानेवारीला कंपनीने ८ फेब्रुवारीची मुदत १५ मेपर्यंत वाढवली. मग त्या दिवशी कोणाचेही खाते बंद होणार नाही असे सांगितले, पण स्मरणपत्रे येत राहतील आणि काही आठवड्यांनी संवादांची यादी उघडणार नाही, केवळ आलेले कॉल घेता येतील व वर झळकलेल्या संदेशांना उत्तर देता येईल, अशी पायरीपायरीची मांडणी पुढे आली. योगायोग असा की १५ मेच्या दुसऱ्याच दिवशी, १६ मे २०२१ रोजी, तौक्ते चक्रीवादळ सिंधुदुर्ग-रत्नागिरीच्या किनाऱ्याला घासून गेले. वीज नसलेल्या आणि झाडाखाली आंब्याचा सडा पडलेल्या त्या दिवसांत अटी स्वीकारल्या की नाही याची चौकशी कोणी केली नाही. मे संपण्यापूर्वी सुविधा कमी करण्याचा विचार कंपनीने सोडला, आणि ९ जुलै रोजी दिल्ली उच्च न्यायालयात तिने सांगितले की माहिती-संरक्षणाचा कायदा होईपर्यंत ती हे धोरण कोणावर लादणार नाही. म्हणजे सूचनेने ‘स्वीकारावेच लागेल’ म्हटले होते ते प्रत्यक्षात न स्वीकारताही चालले. आणि हे लोकांना ठाऊक नव्हते, म्हणून १ फेब्रुवारी २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाला सांगावे लागले की २२ मे २०२१ च्या पत्रातून सरकारला दिलेली हमी पाच राष्ट्रीय वृत्तपत्रांत दोन वेळा प्रसिद्ध करावी.

तिसरा रकाना मी रिकामा ठेवला, कारण सूचनेत नकाराचे बटण नव्हते. खरे तर त्याचे मूळ कराराच्या कायद्यात आहे. १८७२ च्या भारतीय करार कायद्याच्या कलम ७ नुसार प्रस्तावाचा स्वीकार संपूर्ण आणि विनाअट असावा लागतो. अमुक कलम मान्य आणि तमुक अमान्य असे म्हटले तर तो स्वीकार उरत नाही. २०११ च्या माहिती-सुरक्षाविषयक नियमांनी संमती नाकारण्याची व मागे घेण्याची सोय दिली, पण तसे केल्यास कंपनीला सेवा न देण्याची मुभाही दिली. आणि मुळात लेखी संमती घेण्याचे बंधन होते ते परवलीचा शब्द, आर्थिक माहिती, आरोग्य, बोटांचे ठसे अशा संवेदनशील माहितीपुरते. फोन क्रमांक त्या यादीत नाही. म्हणून नकार शोधायचा तर तो सूचनेत नव्हे, वापरात शोधावा लागतो.

दुरुस्त केलेल्या सारांशात मग मी रकाने असे लिहिले. बदल म्हणून दोनच गोष्टी ठेवल्या: आस्थापनांशी होणाऱ्या संवादाची साठवण आणि जाहिरातींबाबत नकार देण्याच्या वाक्याचे गळणे. फेसबुकला माहिती देणे ‘२०१६ पासूनच चालू’ या शेऱ्यासह वेगळे काढले. स्वीकारण्याच्या रकान्यात ‘संपूर्ण धोरण, एकत्रित, मुदत सध्या स्थगित’ असे लिहून शेजारी त्या दिवसाची तारीख टाकली, कारण तारखेवाचून हा रकाना दिशाभूल करतो. नकाराच्या रकान्यात तीन वेगळ्या गोष्टी आल्या. खाते काढून टाकणे हा पूर्ण नकार. मोठ्या आस्थापनांशी व्हॉट्सॲपऐवजी फोनवर किंवा प्रत्यक्ष जाऊन बोलणे हा त्या एका तरतुदीपुरता व्यवहारातला नकार. आणि बटण न दाबणे, ज्याला मी नकार म्हटले नाही, तर ‘निर्णय प्रलंबित’ म्हटले. एका वयस्क बागायतदारांनी विचारले, ‘मग मधला मार्ग नाही काय?’ त्या वेळी तरी तो धोरणात नव्हता.

तो मार्ग नंतर दुसऱ्या दारातून आला. भारतीय स्पर्धा आयोगाने १८ नोव्हेंबर २०२४ रोजी २०२१ च्या अद्ययावतीकरणाला ‘घ्या नाहीतर सोडा’ स्वरूपाचे ठरवून मेटावर, म्हणजे फेसबुक व व्हॉट्सॲपच्या मालक कंपनीवर, २१३.१४ कोटी रुपयांचा दंड लावला. आदेशात म्हटले की कोणती माहिती कोणत्या कारणासाठी दिली जाते हे जोडीजोडीने सांगावे, सेवेसाठी आवश्यक नसलेली देवाणघेवाण सेवेची अट करू नये आणि नकाराचा पर्याय ॲपमधील सूचनेतूनच द्यावा. जाहिरातींसाठीच्या देवाणघेवाणीवरील पाच वर्षांची बंदी अपील न्यायाधिकरणाने नोव्हेंबर २०२५ मध्ये उठवली, दंड मात्र कायम ठेवला.

२०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याने संमती विनाअट आणि ठरावीक कारणापुरतीच असावी असे सांगितले आहे. त्यातील उदाहरण बोलके आहे: दूरवैद्यक सेवेच्या ॲपने संपर्कयादीही मागितली आणि वापरकर्त्याने दोन्हीला होकार दिला, तरी उपचारासाठी संपर्कयादी आवश्यक नसल्याने तेवढा होकार गणला जात नाही. म्हणजे यापुढे सारांश करणाऱ्याला ‘काय स्वीकारावेच लागेल’ या रकान्यातील प्रत्येक नोंदीपुढे ती कोणत्या कारणासाठी आवश्यक आहे हे लिहावे लागेल, आणि कारण सापडले नाही तर ती नोंद तिसऱ्या रकान्यात ढकलावी लागेल. संमतीविषयीच्या तरतुदी नोव्हेंबर २०२५ च्या नियमांनंतर अठरा महिन्यांनी लागू होतात. संमतीच्या मागणीचा मजकूर राज्यघटनेच्या आठव्या परिशिष्टातील कोणत्याही भाषेत मागता येईल अशीही तरतूद आहे. मराठी त्या परिशिष्टात आधीपासून आहे आणि कोकणी १९९२ पासून. मालवणी नाही, त्यामुळे देवगडच्या वाडीत तेवढे भाषांतर अजून आपापसातच करावे लागेल.