हँडलचा पृष्ठभाग सलग कसा दिसतो: लॉफ्ट, स्वीप आणि वक्रतेचे सातत्य

चकचकीत प्लास्टिकच्या किटलीचे हँडल उजेडात फिरवून पाहिले असता त्यावरील प्रकाशाची रेघ एखाद्या ठिकाणी अचानक मोडल्यासारखी दिसते. बोटाला तेथे काहीही लागत नाही, कारण पृष्ठभागाचे शेजारचे दोन तुकडे, म्हणजे पॅच, एकाच स्पर्शदिशेत जुळलेले असतात. फक्त त्यांची वक्रता जुळलेली नसते. सपाट भागाची वक्रता शून्य असते आणि त्याला ५ मिमी त्रिज्येची साधी गोलाई जोडली की ती एकदम १/५, म्हणजे प्रति मिमी ०.२ होते. ही उडी डोळ्याला दिसते. स्पर्शदिशेच्या जुळणीला जी १ आणि वक्रतेच्याही जुळणीला जी २ म्हणतात.

किटलीच्या हँडलचा मुठीचा भाग आम्ही संगणकावरील त्रिमितीय आरेखनात स्वीपने करतो, म्हणजे ३२ × २४ मिमीचा लंबवर्तुळाकार छेद एका स्प्लाइन, म्हणजे सलग वळत जाणाऱ्या, मार्गावरून फिरवतो. मार्ग सरळ रेषा आणि वर्तुळखंड जोडून काढला, तर त्या जोडांवरील वक्रतेची उडी जशीच्या तशी पृष्ठभागात उतरते. शिवाय २४ मिमीची बाजू मार्गाच्या वळणाच्या प्रतलात असल्याने मार्गाची त्रिज्या कोठेही १२ मिमीपेक्षा कमी झाली, तर आतल्या बाजूचा पृष्ठभाग स्वतःलाच छेदतो. म्हणून आम्ही ती २० मिमीच्या वरच ठेवतो.

खरे कौशल्य मूठ किटलीच्या अंगाला मिळते तेथे लागते. मूठ अंगापासून सुमारे २० मिमी अलीकडे थांबवून मधली जागा लॉफ्टने, म्हणजे दोन कडांना जोडणाऱ्या पृष्ठभागाने, भरली जाते आणि लॉफ्टच्या दोन्ही टोकांना जी २ची अट घातली जाते. त्याआधी दोन्ही कडा चार-चार तुकड्यांत विभागून त्यांचे आरंभबिंदू समोरासमोर आणावे लागतात, नाहीतर पृष्ठभागाला पीळ पडतो. लॉफ्टला आकार देणारे मार्गदर्शक वक्रही दोन्ही टोकांना जी २ने जुळलेले असावे लागतात, कारण वक्रच त्या अटीच्या विरुद्ध असेल तर सॉफ्टवेअर लॉफ्ट नाकारते किंवा जुळणी अपुरी राहते. टोकांच्या स्पर्शदिशेचा जोर फार वाढवल्यास मध्ये फुगवटा येतो. स्क्रीनवर नुसत्या छायांकनात तो सहसा लपून जातो, पण वक्रतेच्या कंगव्याचे दात, म्हणजे प्रत्येक बिंदूवरील वक्रता दाखवणाऱ्या आडव्या रेघा, मध्येच उलट बाजूला गेलेले दिसले की तो हमखास ओळखता येतो.

झेब्रा पट्ट्यांची तपासणी, म्हणजे पृष्ठभागावर काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांचे प्रतिबिंब कसे पडते ते स्क्रीनवर पाहणे, आपणही करू शकता. सांध्यावर पट्टे तुटले तर स्पर्शदिशाच जुळलेली नाही; पट्टे भेटले पण तेथे कोपरा झाला तर जुळणी जी १पर्यंतच आहे; आणि ते वळणासह सलग पुढे गेले तर जी २ साधले आहे.

प्रत्येक सांध्याला इतका खर्च करावा, असे आमचे मत नाही. ज्या भागावर खरबरीत टेक्श्चर येणार आहे किंवा जो हँडलच्या खालच्या बाजूस झाकलेला राहतो, तेथे बहुधा जी १ पुरते. त्यामुळे मागणी देताना चकचकीत भाग कोणते, हे कृपया कळवावे. फाइल स्टेप या वक्र पृष्ठभाग जसेच्या तसे जपणाऱ्या स्वरूपात पाठवावी. एसटीएल या दुसऱ्या स्वरूपात पृष्ठभागाचे सपाट त्रिकोण होत असल्याने त्यातून मूळ वक्रता नेमकी परत मिळत नाही आणि पृष्ठभाग नव्याने बांधावा लागतो.