इंजिनाच्या अनेक लाईन आणि दुसऱ्या क्रमांकाची चाल (बुद्धिबळ)

बुद्धिबळाच्या विश्लेषणात इंजिनाला, म्हणजे चाली मोजणाऱ्या संगणकीय प्रोग्रॅमला, एकाच स्थितीसाठी एकापेक्षा जास्त उत्तमोत्तम चाली, त्यांच्या पुढच्या खेळासह, क्रमवार दाखवायला सांगता येते. या सोयीला मल्टीपीव्ही म्हणतात. प्रत्येक लाईनच्या सुरुवातीला एक आकडा असतो आणि त्याच्या पुढे दोन्ही बाजूंच्या अपेक्षित चाली. आकडा सर्वांत चांगला असलेली लाईन वर येते. मात्र हा क्रम लावताना पुढची प्रत्येक चाल अचूक खेळली जाईल असे इंजिन धरून चालते. पटासमोर बसलेला माणूस घड्याळ, थकवा आणि अपुरी गणना यांसह खेळतो, म्हणून त्याच्यासाठी दुसरी लाईन पुष्कळदा अधिक उपयोगी ठरते. ती केव्हा निवडावी हे लाईनच्या सुरुवातीच्या आकड्यावरून कळत नाही. त्यासाठी लाईनच्या आत दोन-चार चाली उतरून पाहावे लागते.

आकडा प्याद्यांच्या हिशेबात दिसतो, पण त्याचा अर्थ पटावर शिल्लक असलेली प्यादी असा सरळ नाही. स्टॉकफिश या इंजिनाच्या 2022 अखेर आलेल्या 15.1 आवृत्तीपासून +1.00 म्हणजे इंजिन इंजिनाशी खेळले तर त्या बाजूची जिंकण्याची शक्यता 50 टक्के, असे प्रमाण ठरवले आहे. म्हणून +0.30 आणि +0.10 यांतला फरक माणसांच्या डावात जवळजवळ शून्य धरायला हरकत नाही, आणि +6 व +9 यांतलाही. पण +1.60 आणि +0.40 यांत जिंकणारी स्थिती आणि बरोबरीकडे झुकणारी स्थिती एवढे अंतर असू शकते. दोन चालींमधला फरक किती आहे यापेक्षा तो कोणत्या पट्ट्यात पडतो हे आधी बघायचे. आणखी एक ठेच लागण्याजोगी जागा आहे. इंजिन स्वतः आकडा ज्याची पाळी आहे त्याच्या बाजूने देते, तर बहुतेक संकेतस्थळे तो नेहमी पांढऱ्याच्या बाजूने दाखवतात. काळ्याच्या डावाचा अभ्यास करताना उणे चिन्ह पाहून उगीच घाबरलेले खेळाडू पुष्कळ असतात.

लाईन वाढवल्या की इंजिनाचे काम वाढते. एकच चाल शोधताना बाकीच्या चाली तिच्यापेक्षा वाईट आहेत एवढे कळले तरी पुरते. तीन लाईन मागितल्या की तिन्हींचा नेमका आकडा काढावा लागतो. त्यामुळे तेवढ्याच वेळात खोली, म्हणजे इंजिन किती चाली पुढे पाहते ती, कमी मिळते आणि सुरुवातीला पहिल्या दोन लाईन एकमेकींची जागा घेत राहतात. क्रम स्थिरावेपर्यंत थांबावे. लाईनच्या शेपटीवरही फार विसंबू नये, कारण पहिल्या पाच-सहा चालींनंतरचा भाग पुढच्या खोलीला अनेकदा पार बदलतो.

लाईन वाचण्याची खरी रीत एका गाजलेल्या डावावर दाखवता येते. 1858 मध्ये पॅरिसच्या ऑपेरागृहात पॉल मॉर्फी पांढऱ्या सोंगट्यांनी ब्रुन्सविकचा ड्यूक आणि काउंट इसुआर या जोडीविरुद्ध खेळला. काळ्याच्या सातव्या चालीनंतरची स्थिती इंजिनाला थेट आज्ञा देऊन अशी मांडता येते:

```
setoption name MultiPV value 3
position startpos moves e2e4 e7e5 g1f3 d7d6 d2d4 c8g4 d4e5 g4f3 d1f3 d6e5 f1c4 g8f6 f3b3 d8e7
go depth 24
```

उत्तरात `multipv 1`, `multipv 2` अशा खुणांच्या ओळी येतात. त्यात `score cp` नंतर प्याद्याच्या शंभराव्या भागात आकडा असतो आणि `pv` नंतर चाली.

या स्थितीत विचारात घेण्याजोग्या तीन चाली आहेत. उंटाने f7 वरचे प्यादे मारून शह देता येतो (8.Bxf7+), वजीराने b7 वरचे प्यादे मारता येते (8.Qxb7), किंवा काहीच न मारता घोडा c3 वर आणता येतो (8.Nc3).

वजीराने b7 मारले की a8 वरचा हत्ती धोक्यात येतो, आणि काळ्याकडे एकच उत्तर उरते: 8...Qb4+, म्हणजे शह देऊन वजीर बदलायला लावणे. 9.Qxb4 Bxb4+ आणि 10.c3 झाले की पांढऱ्याकडे एक प्यादे जास्त आणि दोन्ही उंट शाबूत. वजीर पटावरून गेलेले आहेत, राजाला धोका नाही. इथपर्यंतची गणना कुणालाही करता येते आणि वाटेत चुकायला जागा नाही.

उंटाने f7 मारण्यात लाभ जास्त आहे. काळ्याने राजा d8 वर नेला तर 9.Qxb7 Qb4+ 10.Qxb4 Bxb4+ 11.c3 असा तोच खेळ होतो. फक्त पांढऱ्याकडे एकाऐवजी दोन प्यादी जास्त असतात आणि काळ्याचा किल्लेकोट कायमचा गेलेला असतो. निव्वळ हिशेबात ही चाल वरचढ आहे. पण काळा राजाऐवजी वजीराने उंट मारू शकतो आणि तिथे वाट अरुंद होते. 8...Qxf7 9.Qxb7 Bc5 नंतर पांढरा एक उंट देऊन बसलेला असतो आणि त्याला हत्ती हवा असतो. मोहाची वाट अशी आहे: 10.Qc8+ Ke7 11.Qxh8. हत्ती मिळाला, पण वजीर पटाच्या कोपऱ्यात जाऊन पडला. आता 11...Bxf2+ येते. राजाने उंट मारला तर 12...Nxe4+ हा दुहेरी शह बसतो, एक e4 वरच्या घोड्याचा आणि दुसरा मोकळ्या झालेल्या f रांगेतून वजीराचा. राजा g1 वर पळाला तर 13...Qf2 मात. म्हणून उंट मारायचा नाही, राजा e2 वर न्यायचा, हे पांढऱ्याला ठाऊक असावे लागते. दहाव्या चालीला किल्लेकोट करून नंतर a8 वरचा हत्ती मारायचा म्हटले तरी काळा किल्लेकोट करतो, आणि घोडा b8 वरून हलला की f8 वरचा हत्ती पांढऱ्या वजीरावर रोखला जातो. इंजिन या सगळ्यातून वाट काढील. माणसाला मात्र पहिल्याच चालीच्या आधी हे सर्व दिसायला हवे, किंवा न दिसता नशिबावर सोडावे लागेल.

लाईनच्या आत उतरणे म्हणजे हेच. पहिली चाल खेळून, प्रतिस्पर्ध्याचे सर्वांत त्रासदायक उत्तर खेळून, मग आपल्या पाळीला पुन्हा तीन लाईन बघायच्या. तिथे पहिल्या आणि दुसऱ्या लाईनमधले अंतर लहान असेल तर वाट रुंद आहे: थोडे चुकले तरी चालते. पहिली लाईन जिंकणारी आणि दुसरी थेट हरणारी किंवा बरोबरीची असेल तर ती एकमेव चाल आहे. अशा एकमेव चाली सलग दोन-तीन लागल्या आणि त्या शह किंवा मारामारीच्या सरळ चाली नसतील, तर सुरुवातीचा जास्तीचा लाभ सोडून दुसरी लाईन घ्यावी. एकमेव चाल आपोआप सुचणारी असेल, उदाहरणार्थ मारलेली सोंगटी परत मारणे, तर ती या हिशेबात धरायची नाही. हेच मोजमाप प्रतिस्पर्ध्याच्या पाळीलाही करावे. त्याला एकमेव चाली शोधाव्या लागत असतील तर आपला आकडा थोडा खाली गेला तरी व्यवहारात आपण पुढे असतो.

मॉर्फीने 8.Nc3 खेळले ते या दुसऱ्या अर्थाने. दोन्ही प्यादी त्याने तशीच ठेवली, म्हणून सोंगट्यांच्या हिशेबात ही चाल मागे पडते. पण पांढऱ्याला यात धोका नाही. वजीर पटावर राहतात, b7 वरचा मारा कायम राहतो, आणि c3 वरच्या घोड्यामुळे आता 8...Qb4 ला शह बसत नाही. काळ्याने 8...c6 9.Bg5 b5 असे खेळून पटाची वाट स्वतःच मोकळी करून दिली, आणि घोड्याच्या बलिदानानंतर सतराव्या चालीला मात झाली. समोर कोण बसले आहे हे मॉर्फीला माहीत होते. बरोबरीच्या ताकदीच्या प्रतिस्पर्ध्यासमोर वजीर बदलून एक प्यादे जास्त घेणे मी जास्त शहाणपणाचे मानतो, कारण तिथे त्याच्या चुकीची वाट बघावी लागत नाही.

0.00 हा आकडा वाचताना तर आत उतरणे टाळताच येत नाही. एक शून्य म्हणजे सोंगट्या कमी झालेल्या, दोन्ही राजे सुरक्षित असलेल्या संथ स्थितीचे. दुसरे शून्य म्हणजे वादळातून फक्त सतत शहाने वाचता येते असे. सिसिलियन बचावाच्या नायडॉर्फ प्रकारात 6.Bg5 e6 7.f4 नंतर काळा 7...Qb6 8.Qd2 Qxb2 असे विषारी प्यादे खाऊ शकतो. यातल्या अनेक मुख्य लाईन इंजिनाच्या मते शून्यावर, बहुधा सतत शहावर, संपतात. पण तिथवर काळ्याचा राजा उघडा असतो आणि बचावाच्या चाली पाठ नसतील तर पटावर शोधणे फार कठीण. त्याऐवजी 7...Be7 ही साधी विकासाची चाल आकड्यात किंचित मागे असली तरी पाठांतराशिवाय खेळता येते. ज्याने या लाईनचा घरी अभ्यास केला आहे त्याच्यासाठी मात्र हिशेब उलटा होतो. त्याला पहिली लाईनच व्यवहार्य.

दुसरी चाल निवडण्याला मर्यादा आहे. निकालाची रेषा ओलांडली जात असेल, म्हणजे पहिली चाल जिंकते आणि दुसरी बरोबरी करते, तर सोपेपणाची किंमत अर्धा गुण असते. बचावातही सहसा पहिल्या लाईनलाच धरून राहावे लागते, कारण हरत्या बाजूला सोडून देण्याजोगा लाभ शिल्लक नसतो. पत्रव्यवहाराच्या बुद्धिबळात आंतरराष्ट्रीय संघटना इंजिनाची मदत मान्य करते आणि विचाराला दिवस मिळतात, त्यामुळे तिथे मानवी सोयीचा मुद्दा फारसा उरत नाही.

आणि कधी कधी पहिली लाईन माणसाच्या आवाक्यातच नसते. 2018 च्या लंडनमधील जागतिक अजिंक्यपद लढतीच्या सहाव्या डावात फाबियानो कारुआनाकडे मॅग्नस कार्लसनविरुद्ध शेवटच्या टप्प्यात विजय होता. नॉर्वेतल्या सेस्से या संगणकावर चाललेल्या इंजिनाने तो दाखवला: 68...Bh4 आणि पुढे घोडा e2 मार्गे g1 वर. घोडा स्वतःहून अशा घरात जातो जिथून त्याला बराच काळ बाहेर पडता येत नाही, आणि मात येते ती तीसहून अधिक चालींनंतर. कारुआनाने 68...Nf3 खेळले आणि डाव बरोबरीत सुटला. पडद्यावरच्या दोन लाईनमधले अंतर इथे विजय आणि बरोबरी एवढे होते, तरी ती चाल न सापडणे ही चूक म्हणून नोंदवणारे जाणकार क्वचितच सापडतील. गॅरी कास्पारोव्हने तर, कारुआनाने तसे खेळले असते तर आयोजकांनी धातुशोधक मागवले असते, अशा आशयाचे मत तेव्हा व्यक्त केले होते.