ऐच्छिक भविष्य निर्वाह निधी

भारतात पगारदाराच्या मूळ वेतन आणि महागाई भत्त्याच्या १२ टक्के रक्कम कर्मचारी भविष्य निर्वाह निधीत म्हणजे पीएफमध्ये कापली जाते. त्याहून जास्त रक्कम कर्मचाऱ्याने स्वतःहून कापून घेतली, तर तिला ऐच्छिक भविष्य निर्वाह निधी किंवा बोलीभाषेत व्हीपीएफ म्हणतात. यासाठी वेगळे खाते नसते. पैसे त्याच पीएफ खात्यात कर्मचाऱ्याच्या हिश्श्यात जमा होतात आणि त्यांना पीएफचेच व्याज मिळते (२०२४-२५ साठी ८.२५ टक्के). मात्र या जादा रकमेच्या जोडीला मालकाने आपला हिस्सा वाढवावा असे बंधन नाही.

हातात येणारा पगार किती घटेल, हे करप्रणालीवर ठरते. मूळ वेतन ४०,००० रुपये असेल तर सक्तीची कपात ४,८०० रुपये होते. त्यावर दरमहा ७,००० रुपये व्हीपीएफ सुरू केला, तर वर्षाची एकूण वर्गणी १,४१,६०० रुपये होते. जुन्या करप्रणालीत ८०सी कलमाची मर्यादा दीड लाखाची आहे. तिथे दुसरी गुंतवणूक दाखवलेली नसेल आणि उत्पन्न २० टक्क्यांच्या टप्प्यात असेल, तर उपकरासह महिन्याला १,४५६ रुपये कर वाचतो आणि पगार प्रत्यक्षात ५,५४४ रुपयांनीच कमी होतो. नव्या प्रणालीत ही वजावट नाही, त्यामुळे पूर्ण ७,००० रुपयांची घट सोसावी लागते. कपात टक्क्यांत ठरवली असेल तर पगारवाढीनंतर तीही आपोआप वाढते. पगारपत्रक न वाचणाऱ्यांच्या हे उशिरा ध्यानात येते.

खरी मेख व्याजावरच्या करात आहे. १ एप्रिल २०२१ पासून कर्मचाऱ्याची सक्तीची आणि ऐच्छिक वर्गणी मिळून वर्षाला अडीच लाखांवर गेली, की वरच्या भागाच्या व्याजावर कर लागतो. तोही एकाच वर्षापुरता नाही. हा भाग करपात्र म्हणून वेगळा मोजला जातो आणि त्याच्या व्याजावर पुढे दरवर्षी कर द्यावा लागतो. ३० टक्क्यांच्या टप्प्यात ८.२५ टक्क्यांचे उपकर धरून सुमारे ५.७ टक्केच उरतात. मूळ वेतन १,२०,००० रुपये असलेल्याची सक्तीची वर्गणीच १,७२,८०० रुपये होते, म्हणजे व्हीपीएफला महिन्याला साधारण ६,४०० रुपयांचीच जागा राहते.

अडीच लाखांच्या आत राहणाऱ्या आणि पैसा निवृत्तीपर्यंत न लागणाऱ्या माणसाला नव्या प्रणालीतही हा पर्याय सोयीचा आहे, कारण मर्यादेतील व्याज तिथेही करमुक्त असते. पाच वर्षांची सलग सेवा होण्याआधी रक्कम काढल्यास मात्र सहसा कर लागतो (नोकरी बदलताना जुने खाते नव्यात वर्ग केले तर सेवा सलग धरतात). क्रेडिट कार्डाची थकबाकी असेल तर आधी ती फेडावी. तिचे व्याज पीएफच्या कितीतरी पट असते. कपात सुरू किंवा बंद करण्याचा अर्ज कार्यालयाच्या वेतन विभागाकडे करावा लागतो, आणि बऱ्याच ठिकाणी वर्षाच्या मध्येच ती बंद करू देत नाहीत. म्हणून घरभाडे, हप्ते आणि आणीबाणीची शिल्लक वजा करून उरेल त्यातूनच आकडा ठरवावा.