वीज वाचवणारं इथरनेट मध्येच का तुटतं?

समजा, निपाणीतल्या एका वखारीच्या ऑफिसात बिलं करणारा कॉम्प्युटर स्विचला जोडलाय. वेग पूर्ण गिगाबिट आहे, मोठी फाइल झटक्यात जाते. पण दुपारी कुणी काम करत नसताना लिंक दोन-तीन सेकंद जाते आणि आपोआप परत येते. केबल बदलून झाली, कनेक्टर पुन्हा मारून झाला, फरक नाही. अशा वेळी संशय घ्यावा तो इथरनेटच्या वीजबचतीवर.

गिगाबिट इथरनेटमध्ये पाठवायला काही नसलं तरी दोन्ही टोकांच्या चिप तांब्याच्या चारही जोड्यांवर सतत पोकळ सिग्नल पाठवत राहतात. त्यावरूनच समोरची चिप आपलं घड्याळ जुळवते आणि केबलमधला प्रतिध्वनी किती वजा करायचा याचा हिशेब ताजा ठेवते. यात वीज फुकट जाते म्हणून २०१० साली 802.3az, म्हणजे Energy Efficient Ethernet किंवा EEE, हे मानक आलं. दोन्ही बाजू रिकाम्या झाल्या की सिग्नल बंद करायचा, साधारण २० मिलिसेकंद गप्प राहायचं, मग सुमारे २०० मायक्रोसेकंद सिग्नल देऊन घड्याळ ताजं करायचं आणि पुन्हा गप्प. डेटा आला की सुमारे १६.५ मायक्रोसेकंदांत जागं व्हायचं.

अडचण त्या २० मिलिसेकंदांत आहे. गिगाबिटमध्ये एक चिन्ह फक्त ८ नॅनोसेकंदांचं असतं. एका चिपच्या घड्याळाचा अंदाज दहा लाखांत एक एवढाच चुकला, तरी २० मिलिसेकंदांत फरक २० नॅनोसेकंदांचा, म्हणजे अडीच चिन्हांचा होतो. म्हणून गप्प राहण्याआधी चिपने समोरच्या घड्याळाची गती याहून कितीतरी बारकाईने लक्षात ठेवायला हवी. शांततेत चिप तापते वा थंड होते, तशी ही आठवण सरकते. चांगल्या चिप ते सांभाळून घेतात. काही चिपना मात्र ताजं होण्याचा तो छोटा सिग्नल नीट पकडता येत नाही. मग त्या लिंक मेली असं समजून सगळी बोलणी नव्याने सुरू करतात, आणि ती संपेपर्यंत काही सेकंद जातात. दुसरा प्रकार जागं होण्यातला. एकाने पुरेसं न थांबताच डेटा सोडला, तर लिंक टिकते पण पहिलंच पॅकेट हरवतं. हीच चिप दुसऱ्या कंपनीच्या स्विचशी वर्षानुवर्षं बिनतक्रार चालू शकते, त्यामुळे एकट्या उपकरणाला दोष देऊन उपयोग नाही. बिघाड जोडीत असतो.

ओड्रॉइड सी२ या छोट्या बोर्डाची नोंद लिनक्सच्या विकासात झाली आहे. त्यावरून जोरात डेटा बाहेर जात असताना येणारी बाजू वारंवार झोपेत जायची, शेवटी लिंकच मोडायची, आणि इंटरफेस बंद करून पुन्हा चालू केल्याशिवाय सुरळीत होत नसे. म्हणजे एका बाजूने भार असूनही दुसऱ्या बाजूकडून झोपेचा इशारा येऊ शकतो. वीजबचतीची बोलणीच बंद केल्यावर लिंक स्थिर झाली. आज लिनक्समध्ये `eee-broken-1000t` अशी खूण आहे. बोर्ड बनवणाऱ्याने ती लावली की गिगाबिटवर ही सोय वापरली जात नाही.

ओळखायचं कसं? खराब केबल असेल तर वेग घसरून १०० मेगाबिटवर येतो, किंवा भार वाढला की चुका वाढतात. वीज क्षणभर गेल्यामुळे असेल तर स्विचचे सगळे दिवे एकदम जातात. एकच पोर्ट, तोही बहुधा रिकाम्या वेळात, पडत असेल तर आधी ही चाचणी करा. लिनक्सवर (पोर्टचं नाव आपलं घाला):

```
ethtool --show-eee eth0
sudo ethtool --set-eee eth0 eee off
```

पहिल्या आज्ञेत `EEE status: enabled - active` दिसलं, तर दोन्ही टोकांनी ही सोय मान्य केली आहे. दुसरी आज्ञा दिल्यावर लिंक क्षणभर जाऊन येईल, ते अपेक्षितच आहे. ही सेटिंग रीबूटनंतर टिकत नाही, तेव्हा कायमची हवी असेल तर सुरुवातीच्या स्क्रिप्टमध्ये घाला. विंडोजमध्ये डिव्हाइस मॅनेजरात नेटवर्क कार्डाच्या `Advanced` टॅबवर `Energy Efficient Ethernet` असतं, काही कार्डांवर सोबत `Green Ethernet` ही. दोन्ही `Disabled` करा. `Power Management` टॅबवरची टिक हा वेगळा विषय, ती काढून हा दोष जात नाही.

ही सोय दोघांच्या संमतीने चालते, म्हणून एका टोकाला बंद केली की पुरे. साध्या स्विचला सेटिंगच नसते, पण कॉम्प्युटरवर बंद करता येते. प्रिंटर किंवा हजेरीच्या यंत्रात पर्याय सापडला नाही, तर मध्ये ही सोय नसलेला जुना छोटा स्विच घाला.

एका पोर्टमागे बचत अर्धा वॅट धरली तरी वर्षाला साडेचार युनिटांच्या आत. हेस्कॉमच्या बिलात ती दिसणारही नाही. मोठ्या डेटा सेंटरमध्ये हजारो पोर्ट असतात, तिथला हिशेब वेगळा. चार पोर्टांच्या ऑफिसात ज्या पोर्टवर त्रास आहे तेवढ्यावरच ती बंद करावी, बाकीचे आहेत तसे राहू द्यावेत.