एका कानात आवाज येत नाही? बड्स बदलायला आणण्याआधी हे करून बघा

आमच्या ठाण्याच्या दुकानात इअरबड्स परत घेऊन येणाऱ्यांची तक्रार बहुतेक एकच असते, एक कान बंद पडला. खरं तर बऱ्याचदा बड ठीकच असतो, दुसऱ्या डिव्हाइसला जोडताना गडबड झालेली असते, म्हणून आधी जोडणी नीट बघू.

बड्स मोबाईलला जोडलेत आणि आता लॅपटॉपलाही हवेत, तर नुसतं झाकण उघडून उपयोग नाही, ते सवयीने मोबाईललाच जाऊन चिकटतात आणि लॅपटॉपच्या लिस्टमध्ये दिसतच नाहीत. आधी मोबाईलचं ब्लूटूथ बंद करा, दोन्ही बड्स केसमध्येच राहू द्या, झाकण उघडं ठेवून केसचं बटण लाइट लुकलुकेपर्यंत दाबून धरा (बटण नसेल तर मॅन्युअल बघा), मग लॅपटॉपवर जोडा आणि त्यानंतर मोबाईलचं ब्लूटूथ चालू करा. बॉक्सवर मल्टिपॉइंट लिहिलं असेल तर दोन्हीकडे एकदम जोडलेले राहतात, लॅपटॉपवर मीटिंगचं रेकॉर्डिंग ऐकताना मोबाईलवर आलेला कॉलही कानातच वाजतो. लिहिलं नसेल तर एका वेळी एकच, पहिल्याचं कनेक्शन तोडून मग दुसरं.

आता एक कान. ऐरोलीला ऑफिस असलेले एक दादा आले होते, उजवा बड गप्प. त्यांनी लॅपटॉपला जोडताना फक्त डावा बाहेर काढला होता, त्यामुळे तो एकटाच जोडला गेला आणि लिस्टमध्ये बड्सचं नाव दोनदा दिसत होतं. उजवा केसमधून काढल्यावर त्यात चालू झाल्याची टोन मात्र ऐकू आली, म्हणजे स्पीकर आणि बॅटरी दोन्ही शाबूत, फक्त उजव्या-डाव्याची जोडी तुटलेली.

मग मोबाईल आणि लॅपटॉप दोन्हीवरून बड्स काढून टाकले (मोबाईलवर Forget, विंडोजवर Remove device), दोन्ही बड्स केसमध्ये ठेवून रीसेट केले, एकदम बाहेर काढले आणि थोडा वेळ हातच लावला नाही, एकमेकांना सापडू दिलं. नंतर आधी मोबाईल, मग लॅपटॉप. एकाच ठिकाणचं काढलं तर दुसरं मध्येच बड पकडतं आणि तुम्ही परत तिथेच.

टोनच येत नसेल, लाइटही नसेल तर चार्जिंग होत नाहीये. पावसाळ्यात घामाने केसमधले पितळी टोक काळे पडतात, कोरड्या कापसाने पुसा आणि १५ मिनिटं केसमध्ये ठेवा. आवाज येतो पण अगदी बारीक असेल तर जाळीत मळ आहे, जाळी खाली धरून कोरड्या मऊ ब्रशने झटका, पिन घालू नका प्लीज, जाळी फाटली की बदलून मिळत नाही. आणि हो, मोबाईलच्या Accessibility मध्ये आवाजाचा बॅलन्स मध्यावर आहे ना तेही बघा, मुलांच्या हातात मोबाईल असला की तो सरकलेला असतो.

एवढं करूनही बंदच असेल तर दोन्ही बड्स, केस आणि बिल घेऊन या, नुसता बंद बड आणलात तर आम्हाला काहीच तपासता येत नाही.