कॉलमधला प्रतिध्वनी नेमका कुठून येतो?

“कॉलवर स्वतःचाच आवाज परत ऐकू आला, तर समजा आपला फोन टॅप होतोय.”

शंका स्वाभाविक आहे; मात्र संभाषणाची नोंद नेटवर्कमध्ये घेतली गेली, तरी त्यासाठी आवाजाची केवळ प्रत काढली जाते आणि तिचा प्रतिध्वनी होत नाही. दादरहून आपण बोललेले शब्द बोरिवलीतल्या मावशींच्या स्पीकरमधून बाहेर पडतात, त्यांच्याच माइकमध्ये शिरतात आणि क्षणभर उशिराने आपल्याकडे परततात. हा परतीचा आवाज गाळण्याचे काम मावशींचा फोन करतो, पण आवाज फार मोठा असला किंवा कव्हरने माइक झाकला गेला, तर ते अपुरे पडते. म्हणजे प्रतिध्वनी ऐकू येतो आपल्याला, दोष बहुधा पलीकडे असतो.

पडताळण्यासाठी मावशींना स्पीकर बंद करून फोन कानाला लावायला सांगावे. प्रतिध्वनी थांबला, तर कारण सापडले.

एकतर्फी आवाजाचे कारण वेगळे आहे. इंटरनेटवरून जाणाऱ्या कॉलमध्ये जाणारा आणि येणारा आवाज स्वतंत्र प्रवाहांतून वाहतो, आणि घरच्या राउटरने त्यांपैकी एक अडवला की एकालाच ऐकू येते. वाय-फाय कॉलिंग बंद करून पुन्हा फोन लावल्यावर दोन्हीकडे ऐकू आले, तर संशय राउटरवर घ्यावा. अन्यथा माइक तपासावा.