पहिल्या एक्क्याचे अपेक्षित स्थान

पहिल्या एक्क्याचे अपेक्षित स्थान : नीट पिसलेल्या 52 पानांच्या कॅटातून वरून एकेक पान उलटत गेले, तर पहिला एक्का सरासरीने कितव्या पानाला येईल, हा संभाव्यताशास्त्रातील एक परिचित प्रश्न. उत्तर 53/5, म्हणजे 10.6. एकही बेरीज न मांडता, केवळ सममितीच्या युक्तिवादाने हे उत्तर मिळते, आणि पाठ्यपुस्तकांत हा प्रश्न टिकून राहिला तो त्यामुळेच. N पानांच्या कॅटात m एक्के असतील तर पहिल्या एक्क्याचे अपेक्षित स्थान (N + 1)/(m + 1) असते.

आजच्या रूपातील प्रश्न बहुधा अमेरिकी संख्याशास्त्रज्ञ फ्रेडरिक मोस्टेलर (1916–2006) यांच्या 1965 मधील संभाव्यतेच्या पन्नास कूटप्रश्नांच्या संग्रहामुळे सर्वपरिचित झाला. तेथे उत्तर देताना सममितीचे तत्त्व स्वतंत्रपणे सांगितले आहे : एका रेषाखंडावर काही बिंदू यदृच्छया टाकले, तर तयार होणाऱ्या सर्व तुकड्यांच्या लांबीचे वितरण एकच असते. हे तत्त्व मात्र मोस्टेलर यांच्यापेक्षा बरेच जुने दिसते. रेषाखंडाच्या यादृच्छिक विभागणीचे प्रश्न विल्यम ॲलन व्हिटवर्थ (1840–1905) या इंग्रज गणितज्ञाने एकोणिसाव्या शतकातच हाताळले होते. त्यामुळे मोस्टेलर यांना प्रश्नाच्या मांडणीचे श्रेय देणे योग्य. युक्तीचे जनक म्हणणे तितकेसे नाही.

रेषाखंडाची उपमा पत्त्यांना जशीच्या तशी लागू पडत नाही, कारण पाने सुटी असतात आणि दोन एक्के एकाच जागी बसू शकत नाहीत. पत्त्यांसाठी वर्तुळाची मांडणी अधिक नेमकी ठरते. कॅटात एक जोकर मिसळून 53 पाने करावीत, ती पिसून वर्तुळात मांडावीत आणि जोकरच्या जागी वर्तुळ तोडून जोकर बाजूला काढावा. उरलेल्या 52 पानांचा क्रम नीट पिसलेल्या कॅटाइतकाच यादृच्छिक असतो. वर्तुळात आता पाच खुणेची पाने आहेत : चार एक्के व एक जोकर. एका खुणेच्या पानापासून पुढच्या खुणेच्या पानापर्यंत जितकी पावले पडतात, तशा पाच अंतरांची बेरीज नेहमी 53 भरते. वर्तुळाला सुरुवात नाही की शेवट नाही. जोकर आणि एखादा एक्का यांची अदलाबदल केली तरी मिळणारी मांडणी तितकीच संभवनीय असते. म्हणून पाचही अंतरांची सरासरी सारखीच, 53/5. जोकरपासून पहिल्या एक्क्यापर्यंतचे अंतर हेच पहिल्या एक्क्याचे स्थान.

हेच दुसऱ्या वाटेने तपासता येते. एक्का नसलेले कोणतेही एक पान घ्यावे, समजा किलवर सत्ती. ती आणि चार एक्के मिळून पाच पाने होतात. कॅटात या पाचांपैकी कोणतेही पान सर्वांत आधी येण्याची शक्यता सारखीच, म्हणून सत्ती चारही एक्क्यांच्या आधी येण्याची शक्यता 1/5. अशी पाने 48 आहेत, तेव्हा पहिल्या एक्क्याआधी सरासरी 48/5 = 9.6 पाने उलटली जातात, आणि त्यात खुद्द एक्का धरला की 10.6. येथे 48 पानांचे नशीब एकमेकांत गुंतलेले आहे, पण सरासऱ्यांची बेरीज करायला स्वातंत्र्याची अट लागत नाही. लेखनाला ही रीत सोपी असली, तरी पाचही अंतरे सारखी का, हे वर्तुळच दाखवते.

अंतरे सारखी म्हणजे काय, याबद्दल घोटाळा नेहमी होतो. चार पानांचा लहानसा कॅट घेऊन तो मिटवता येतो. त्यात दोन एक्के व दोन साधी पाने आहेत असे समजू. एक्क्यांच्या जागा सहा प्रकारे पडतात : 1 व 2, 1 व 3, 1 व 4, 2 व 3, 2 व 4, 3 व 4. पहिल्या एक्क्याची स्थाने अनुक्रमे 1, 1, 1, 2, 2, 3. बेरीज 10, सरासरी 10/6 म्हणजे 5/3, आणि सूत्रानेही (4 + 1)/(2 + 1) हेच येते. आता साध्या पानांकडे पाहावे. पहिल्या एक्क्याआधी, दोन एक्क्यांमध्ये आणि दुसऱ्या एक्क्यानंतर अशा तीन फटी आहेत. सहा मांडण्यांत त्यांत पडणारी पाने अशी : 0-0-2, 0-1-1, 0-2-0, 1-0-1, 1-1-0, 2-0-0. एकाही मांडणीत तीन फटी सारख्या नाहीत. दोन पाने तीन फटींत सारखी वाटताच येत नाहीत. पण कोणताही स्तंभ उभा मिळवला की बेरीज 4 च येते. सममिती एवढेच सांगते. प्रत्यक्ष डावात फटी सारख्या पडतील असे ती म्हणत नाही, आणि त्या परस्परांपासून स्वतंत्र आहेत असेही नाही. एक फट मोठी झाली की दुसऱ्यांना पाने कमी उरणारच.

चार एक्क्यांची अपेक्षित स्थाने 10.6, 21.2, 31.8 आणि 42.4 अशी समान अंतराने पडतात. चौघांची सरासरी 26.5, म्हणजे कॅटाचा अचूक मध्य. उत्तर तपासायला एवढा पडताळा पुरतो. 53 ऐवजी 52 ला पाचाने भागून 10.4 लिहिणाऱ्याची चूक या पडताळ्यात लगेच सापडते, कारण मग सरासरी 26 येते आणि कॅट वरच्या बाजूला कलतो.

सर्वांत जास्त आढळणारे चुकीचे उत्तर 13 आहे. दर तेरा पानांमागे एक एक्का, म्हणून पहिला एक्का सरासरी तेराव्या पानाला, असा तो विचार असतो. पान उलटून झाल्यावर ते परत कॅटात घालून पुन्हा पिसले, तर 13 हे उत्तर बरोबर ठरते. पान परत घातले नाही, तर एक्का न निघालेल्या प्रत्येक पानागणिक उरलेल्या कॅटात एक्क्यांचे प्रमाण वाढत जाते, आणि पहिला एक्का लवकर हाती लागतो. 13 आणि 10.6 यांतला फरक एवढ्याच कारणाने पडतो.

सरासरी 10.6 असली तरी सर्वाधिक संभवनीय स्थान पहिलेच आहे. वरचेच पान एक्का असण्याची शक्यता 1/13, आणि पहिला एक्का नेमका त्याच जागी येण्याची शक्यता पुढे प्रत्येक पानाला घटत जाते. पहिली आठ पाने एक्क्याविना जाण्याची शक्यता 50.1 टक्के, नऊ पाने तशी जाण्याची 45.6 टक्के, म्हणून मध्यक 9. अगदी शेवटी पहिला एक्का 49 व्या पानाला येऊ शकतो, पण ते 2,70,725 मांडण्यांपैकी एकीतच घडते. ही लांबलचक शेपटी सरासरीला मध्यकाच्या पुढे ओढते. या वितरणाला निगेटिव्ह हायपरजॉमेट्रिक म्हणतात आणि त्याचे प्रमाण विचलन सुमारे 8.24 आहे.

एवढे मोठे विचलन असल्याने हाताने पाने उलटून केलेला प्रयोग फसवा ठरतो. शंभर डावांच्या सरासरीतही 0.82 इतकी प्रमाण त्रुटी राहते. तेवढ्यात 13 हे उत्तर बहुधा बाद होते, पण 10.4 आणि 10.6 यांत निवाडा लागत नाही. त्यासाठी सुमारे 6,800 डाव हवेत. म्हणून संगणकाचा आधार घेतात :

```python
import random
n = 100000
s = 0
for _ in range(n):
    s += min(random.sample(range(1, 53), 4))
print(s / n)
```

उत्तर साधारण 10.55 ते 10.65 च्या दरम्यान यावे. ते 10.9 च्या आसपास आले, तर बहुतेक वेळा `random.sample` ऐवजी `random.randint` चार वेळा वापरलेले असते. मग दोन एक्के एकाच जागी बसू शकतात आणि अपेक्षित मूल्य 10.906 होते. फरक लहान असल्याने थोडक्या डावांत ही चूक लपून राहते.

खऱ्या कॅटाबाबत दोन गोष्टी आधी पाहाव्यात. कॅटातले दोन जोकर काढले नाहीत, तर पाने 54 होतात आणि उत्तर 55/5 म्हणजे बरोबर 11 येते. दुसरी गोष्ट पिसण्याची. सगळा युक्तिवाद प्रत्येक क्रम सारखाच संभवनीय आहे, या गृहीतावर उभा आहे. दोन गड्ड्या एकमेकींत फर्रकन मिसळण्याच्या पद्धतीत साधारण सात वेळा पिसणे पुरेसे होते, असा डेव्ह बायर आणि पर्सी डायकोनिस यांचा 1992 मधील निष्कर्ष आहे. आपल्याकडे गड्डी हातात धरून थोडी थोडी पाने पुढे टाकत पिसण्याची जी रीत आहे, तिच्यात पाने ढिगाढिगाने एकत्र राहतात, आणि कॅट मिसळायला त्याहून कितीतरी अधिक फेऱ्या लागतात. अशा कॅटात मागच्या डावात एकत्र गोळा झालेले एक्के एकमेकांना चिकटून येतात. मग पहिल्या एक्क्याचे स्थान 10.6 वर न राहता मागच्या डावावर अवलंबून राहते. लागोपाठच्या दोन एक्क्यांमध्ये एकही पान नसण्याचे प्रसंग फार वाढले, की कॅट कच्चा पिसला आहे असे ओळखावे.

सूत्र इतर कॅटांनाही लागू पडते. तीनशे चार या खेळात सत्तीपासून एक्क्यापर्यंतची 32 पानेच घेतात; तेथे पहिला एक्का सरासरी 33/5 = 6.6 व्या पानाला. सावंतवाडीच्या दशावतारी गंजिफेत दहा अवतारांचे दहा रंग, प्रत्येक रंगात राजा, प्रधान आणि एक्का ते दश्शी अशी बारा, एकूण 120 गोल पाने असतात. एक्के दहा असल्याने 121/11, म्हणजे नेमके 11. येथे बारा पानांमागे एक एक्का, म्हणजे एक्क्यांचे प्रमाण 52 पानांच्या कॅटापेक्षा जास्त, तरीही पहिल्या एक्क्यासाठी थांबावे लागते थोडे अधिकच. कॅट जितका मोठा, तितके एखादे पान काढल्याने उरलेल्यांचे प्रमाण कमी बदलते. दर बारा पानांना एक एक्का ठेवून कॅट वाढवत नेला, तर हे अपेक्षित स्थान 12 कडे सरकत जाते, म्हणजे पान परत घालून पिसण्याच्या खेळाकडे. आठ रंगांच्या 96 पानी गंजिफेत ते 97/9, सुमारे 10.8 आहे.